10 मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ उपग्रहाच्या पीपीएसला बांधताना: लूप, तापमान आणि होल्डओव्हर

जीपीएस रिसीव्हरमधून दर सेकंदाला येणारा पल्स, म्हणजे पीपीएस, दीर्घकाळात अत्यंत भरवशाचा असतो, पण एकेकटा पल्स तसा बराच डळमळीत असतो. चांगल्या ओसीएक्सओचं, म्हणजे हीटरने ठरावीक तापमानाला धरून ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरचं, याच्या बरोबर उलट. एका सेकंदापासून पुढच्या सेकंदापर्यंत तो जवळजवळ हलत नाही, पण दिवसागणिक हळूहळू सरकत जातो. दोघांना एका लूपमध्ये बांधून प्रत्येकाकडून फक्त त्याला जमतं तेवढंच काम करून घ्यायचं, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून या लेखात वारंवारतेची चूक मी 'ns/s' मध्ये, म्हणजे सेकंदाला किती नॅनोसेकंद सरकतो या मापात लिहितो. 1 ns/s म्हणजे अब्जात एक भाग. 10 मेगाहर्ट्झवर ती चूक फक्त 0.01 हर्ट्झ भरते, पण क्यूओ-100 उपग्रहाच्या 10489 मेगाहर्ट्झच्या डाउनलिंकवर तीच साडेदहा हर्ट्झ होते.

पीपीएसमध्ये 20 नॅनोसेकंदांचा विखुरलेपणा आहे असं धरू. लागोपाठच्या दोन पल्सवरून वारंवारता काढली तर चूक 20 ते 30 ns/s, म्हणजे त्या डाउनलिंकवर दोन-तीनशे हर्ट्झ. हजार सेकंदांच्या अंतराने काढली तर तीच चूक 0.02 ते 0.03 ns/s उरते. आता भंगारातून मिळणारा बऱ्यापैकी ओसीएक्सओ घ्या. सेकंदा-सेकंदाला तो साधारण 0.01 ns/s इतका स्थिर असतो, पण वयोमानाने दिवसाला 0.1 ते 0.5 ns/s सरकतो. म्हणजे काही मिनिटांच्या आत ओसीएक्सओ चांगला आणि त्यापुढे पीपीएस. या दोघांची रेषा जिथे छेदते, लूपचा वेळस्थिरांक त्याच्या आसपास हवा. आपण 500 सेकंद धरून चालू.

## रिसीव्हर: आधी त्याला जागेवर बसवा

साधा नेव्हिगेशन मॉड्यूल चालतो, पण यू-ब्लॉक्स एनईओ-एम8टीसारखा टायमिंग रिसीव्हर घेतलात तर दोन गोष्टी जास्तीच्या मिळतात. पहिली म्हणजे स्थिर-जागा मोड. रिसीव्हर आपली जागा एकदा सर्व्हे करून ठरवतो, नंतर ती कायम धरून फक्त वेळ काढतो. मग एक उपग्रह दिसला तरी वेळ मिळते, आणि जागेच्या गणितातला दर सेकंदाचा डुगडुगाट पीपीएसमध्ये उतरत नाही. सर्व्हे `UBX-CFG-TMODE2` मधून लावा आणि निदान 24 तास चालू द्या. उंचीत 3 मीटर चूक राहिली तर वेळेत साधारण 10 नॅनोसेकंदांची चूक राहते, आणि दिसणारे उपग्रह बदलतील तशी तीही बदलते. म्हणून इथे घाई नको. अँटेना गच्चीवर, चहूकडे आकाश दिसेल अशी. खिडकीत ठेवलेल्या अँटेनाला समोरच्या इमारतीवरून परावर्तित झालेले सिग्नल मिळतात आणि मग कितीही चांगला लूप लिहा, उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट सॉटूथ दुरुस्ती. रिसीव्हर पल्स काढतो तो स्वतःच्या घड्याळाच्या कडेवरच, हव्या त्या क्षणी नाही. एम8 मालिकेत हे घड्याळ 48 मेगाहर्ट्झचं आहे, म्हणून प्रत्येक पल्स साधारण 10 नॅनोसेकंद मागे किंवा पुढे पडतो. नेमका किती, हे रिसीव्हरला माहीत असतं. `UBX-TIM-TP` संदेशात पुढच्या पल्सची ही चूक `qErr` या नावाने पिकोसेकंदांत येते. ती मोजमापात मिळवायची.

सरासरी घेतल्यावर सॉटूथ आपोआप जाईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक वेळा जातोही. पण रिसीव्हरच्या घड्याळाची वारंवारता पूर्ण हर्ट्झच्या अगदी जवळ आली, की हा सॉटूथ एका बाजूला अडकून बसतो आणि कित्येक मिनिटं सगळे पल्स एकाच दिशेला 8-10 नॅनोसेकंद चुकीचे येतात. आलेखात हे झुलत्या पुलासारखं दिसतं. सरासरीला तो खरा बदल वाटतो आणि लूप इमानेइतबारे त्याच्यामागे जातो. `qErr` वापरलं की हे जातं. चिन्ह अधिक की उणे, याबद्दल शंका असेल तर दोन्ही करून पाहा. बरोबर चिन्हाने विखुरलेपणा स्पष्ट कमी होतो, चुकीच्याने वाढतो. दोन्हींनी वाढत असेल तर तुम्ही एका पल्सची दुरुस्ती दुसऱ्याच पल्सला लावताय.

याच बैठकीत `UBX-CFG-TP5` मध्ये दोन गोष्टी बघून घ्या. लॉक नसताना पल्स बंद राहायला हवा, कारण काही रिसीव्हर उपग्रह गेल्यावरही स्वतःच्या साध्या क्रिस्टलवर पल्स देत राहतात आणि लूपला ते कळतच नाही. दुसरं, पल्स यूटीसीला जुळवायचा की जीपीएस वेळेला? वारंवारताच हवी असेल तर जीपीएस वेळ निवडा. 26 जानेवारी 2016 ला एसव्हीएन-23 हा जुना उपग्रह सेवेतून काढताना जीपीएस आणि यूटीसी यांतला फरक सांगणारी माहिती काही उपग्रहांवरून चुकीची गेली आणि जगभरातल्या कित्येक टायमिंग यंत्रांचा पल्स सुमारे 13 मायक्रोसेकंद सरकला. जीपीएसची स्वतःची वेळ मात्र त्या दिवशीही ठीक होती.

## फेज मोजणं

10 मेगाहर्ट्झला दहाने भागून 1 मेगाहर्ट्झ करा. पीपीएसची कड आली की 74एचसी74 फ्लिप-फ्लॉप सेट होतो आणि 1 मेगाहर्ट्झच्या पुढच्या कडेला रीसेट. तयार होणाऱ्या पल्सची रुंदी 0 ते 1000 नॅनोसेकंद, आणि हीच आपली फेज. तो पल्स शॉट्की डायोड आणि 3.9 किलोओहममधून 1 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर भरतो. मायक्रोकंट्रोलरचा एडीसी लगेच व्होल्टेज वाचतो आणि समांतर लावलेला 10 मेगाओहम पुढच्या सेकंदाच्या आत कॅपॅसिटर रिकामा करतो. 5 व्होल्टवर पूर्ण 1000 नॅनोसेकंदांना साधारण 1 व्होल्ट जमतं, म्हणून 10 बिटांचा एडीसी 1.1 व्होल्टच्या संदर्भावर चालवला की एक पायरी सुमारे 1 नॅनोसेकंदाची पडते. कॅपॅसिटर सी0जी जातीचाच घ्या. साधा सिरॅमिक उन्हाळ्यात एक मोजेल आणि पावसाळ्यात दुसरं.

भरण्याची वक्ररेषा अगदी सरळ नसते, पण लूप फेज कायम 500 नॅनोसेकंदांच्या आसपास धरून ठेवणार असल्याने त्याने बिघडत नाही. याहून बारीक हवं असेल तर टीडीसी7200सारखी वेळमापक चिप आहे, 55 पिकोसेकंदांची. पण पीपीएसच दुरुस्तीनंतर 4-5 नॅनोसेकंदांनी हलत असताना तिचा फारसा फायदा दिसत नाही.

## नियंत्रण व्होल्टेज: इथे जमीन फसवते

ओसीएक्सओच्या नियंत्रण पायाला 0 ते 4 व्होल्ट लागतात असं धरू, आणि संवेदनशीलता व्होल्टला 200 ns/s, म्हणजे 2 हर्ट्झ. 16 बिटांचा डीएसी 4.096 व्होल्टच्या संदर्भावर लावला तर एक पायरी 62.5 मायक्रोव्होल्ट, आणि तिने वारंवारता 0.0125 ns/s हलते. हे ओसीएक्सओच्या स्वतःच्या अस्थिरतेच्या जवळपास आहे, म्हणजे पुरेसं.

खरी अडचण बिटांची नसते, ग्राउंडची असते. ओसीएक्सओचा हीटर 0.3 अँपिअर घेतोय आणि त्याची परतीची तार डीएसीच्या ग्राउंडशी वाटून घेतली आहे, तिचा रोध फक्त 10 मिलीओहम. तारेवर 3 मिलीव्होल्ट पडतील, ते थेट नियंत्रण व्होल्टेजमध्ये मिसळतील आणि वारंवारता 0.6 ns/s हलेल. खोली थंड झाली की हीटर जास्त प्रवाह घेतो, म्हणून ही चूक तापमानाबरोबर नाचते आणि आपण उगाच ओसीएक्सओला दोष देत बसतो. उपाय सोपा आहे. डीएसीचा आणि संदर्भ व्होल्टेजचा ग्राउंड थेट ओसीएक्सओच्या ग्राउंड पायावर वेगळ्या तारेने न्या, हीटरचा प्रवाह त्या तारेतून जाऊ देऊ नका. तपासायचं असेल तर ओसीएक्सओ गार असताना चालू करा आणि हीटरचा प्रवाह उतरत असताना नियंत्रण पाय आणि ग्राउंड पाय यांमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने पाहत राहा. डीएसी स्थिर असताना ते हलत असेल तर वायरिंग बदला.

## लूप जोडण्याआधी एक मोजमाप

ओसीएक्सओ निदान एक दिवस चालू राहू द्या. महिनोन् महिने बंद असलेला ओसीएक्सओ पहिले काही दिवस झपाट्याने सरकतो आणि त्या काळातला कुठलाही आलेख दिशाभूल करतो.

मग लूप न जोडता डीएसीला दोन किमती द्या आणि प्रत्येक वेळी 20 सेकंद फेज बघा. समजा 30000 वर फेज 740 नॅनोसेकंद वाढली, म्हणजे सेकंदाला +37. 34000 वर 260 ने घटली, म्हणजे −13. मधे फेज 1000 वरून 0 वर उडी मारून गेली असेल तर 1000 मिळवून घ्या. 4000 पायऱ्यांत 50 ns/s फरक, म्हणजे पायरीला 0.0125. आधीच्या गणिताशी जुळलं. शून्य येतं 32960 ला. फेज वाढतेय म्हणजे 1 मेगाहर्ट्झची कड उशिरा येतेय, ऑसिलेटर मंद आहे, डीएसी वाढवायला हवा. हे चिन्ह आत्ताच पक्कं करा. उलट चिन्हाचा लूप ऑसिलेटरला थेट टोकाला नेऊन ठेवतो.

आता गुणांक. पायरीची ताकद K = 0.0125, वेळस्थिरांक T = 500 सेकंद, आणि लूप न डोलता बसावा म्हणून क्रांतिक अवमंदन:

```
kp = 1 / (K * T)  = 0.16
ki = kp / (4 * T) = 0.00008
```

दर सेकंदाला करायचं काम एवढंच. इथे `qerr_ns` हे पिकोसेकंदांचं नॅनोसेकंद केलेलं आणि चिन्ह तपासलेलं `qErr`, आणि `base` म्हणजे मघाशी काढलेले 32960:

```c
e      = phase_ns + qerr_ns - 500.0;
ef    += (e - ef) / 60.0;
integ += ki * ef;
dac    = base + integ + kp * ef;
```

दुसऱ्या ओळीतला 60 सेकंदांचा गाळणी-फिल्टर वगळायचा मोह होतो, कारण त्याच्याशिवायही लूप बसतो. पण 20 नॅनोसेकंदांचा एक वेडावाकडा पल्स तेव्हा डीएसीला 3 पायऱ्या हलवतो, म्हणजे 0.04 ns/s. ओसीएक्सओची स्वतःची स्थिरता याच्या चौपट चांगली होती. महागडा ऑसिलेटर घेऊन त्याच्यावर पीपीएसचा गोंधळ स्वतःच्या हाताने ओतल्यासारखं होतं. `integ` मात्र दशांशात ठेवा, पूर्णांकात नाही. नाहीतर `ki` ने गुणलेले छोटे आकडे शून्य होऊन जातात आणि फेज 500 पासून कायम थोडी दूर बसून राहते.

सुरुवातीला T 50 सेकंद ठेवा, `ki` आणि `kp` त्यानुसार बदला आणि फिल्टरही 6 सेकंदांचा करा. फेज 500 च्या 30 नॅनोसेकंदांत दहा मिनिटं राहिली की मगच 500 वर जा. थेट 500 ने सुरू केलंत तर सुरुवातीची चूक निस्तरायला तासभर जातो.

एखादं मोजमाप आधीच्या अंदाजापासून 100 नॅनोसेकंदांहून दूर असेल तर टाकून द्या. पण अशी 60 लागोपाठ आली तर ती खरी उडी आहे, तेव्हा लूप परत सुरुवातीच्या अवस्थेत न्या. ही दुसरी अट विसरली तर एकदा घसरलेला लूप सगळंच नाकारत बसतो.

## आलेख काय सांगतो

फेज 500 ला चिकटली म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. ती जीपीएसशीच जुळवलेली आहे, तेव्हा ती जुळणारच. माहिती असते ती डीएसीच्या आलेखात, म्हणून मिनिटाला एकदा फेज, डीएसी, `integ` आणि ओसीएक्सओच्या कवचाला चिकटवलेल्या सेन्सरचं तापमान नोंदवा.

डीएसीची रेषा केसाळ दिसत असेल तर तुम्ही पीपीएसच्या आवाजामागे धावताय, T वाढवा. अर्ध्या-एक तासाची हळूवार लाट दिसत असेल तर `ki` फार मोठा आहे, किंवा T इतका लांब आहे की तापमानाचा बदल लूपला आवरत नाही. 24 तासांची लाट बहुधा खोलीचं तापमान असतं. ओसीएक्सओ पंख्याच्या किंवा एसीच्या झोतापासून दूर, जाड डब्यात ठेवला की ती बरीच खाली येते.

आपल्याकडे एक वेगळी गंमत आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि आयनावरणाचा सर्वात दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या आसपास असतो. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सौर सक्रियता जास्त असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर काही तास उपग्रहांचे सिग्नल लुकलुकतात आणि पीपीएसचा विखुरलेपणा वाढतो. रोज संध्याकाळी ठरावीक वेळीच मोजमापं टाकून दिली जात असतील तर वायरिंग उकरण्याआधी कॅलेंडर बघा. दिवस-रात्रीच्या आयनावरणाच्या फरकाने पीपीएस काही दहा नॅनोसेकंद हलतो, पण 12 तासांत 30 नॅनोसेकंद म्हणजे 0.0007 ns/s. वारंवारतेसाठी ते विसरून जा.

## होल्डओव्हर

अँटेना तुटली, कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं, शेजारी कुणी जॅमर लावला. आता ओसीएक्सओ एकटा, आणि हाच होल्डओव्हर. शेवटचा डीएसी गोठवून ठेवायचा, हे पहिलं सुचतं आणि तेच चुकतं. पाणी गेलेला कनेक्टर एका क्षणात मरत नाही. आधी अर्धा तास सिग्नल खराब होत जातो, आणि तेवढ्यात `integ` भलतीकडे ओढलं गेलेलं असतं. म्हणून `integ` च्या मिनिटागणिक नोंदी साठवा, सिग्नल गेल्यावर शेवटची 30 मिनिटं सोडून द्या आणि त्याआधीच्या 6 तासांची सरासरी वापरा. `kp * ef` चा भाग यात घ्यायचाच नाही.

आता खरोखर किती तग धरेल ते बघू. समजा एका आठवड्याच्या नोंदींतून असं दिसलं: वयोमानामुळे डीएसी दिवसाला 8 पायऱ्या चढतो, म्हणजे 0.1 ns/s, आणि तापमान एक अंश वाढलं की 6 पायऱ्या, म्हणजे 0.075 ns/s. सिग्नल रात्री 8 तास, म्हणजे 28800 सेकंद, गेला. त्या काळात खोली 3 अंशांनी गार झाली.

सरासरीतली सुरुवातीची चूक 0.02 ns/s धरली तर 8 तासांत 0.58 मायक्रोसेकंद. वयोमानाची चूक शून्यापासून वाढत जाते म्हणून तिचा अर्धाच परिणाम होतो, साधारण 0.48 मायक्रोसेकंद. आणि तापमान? खोली लगेच गार होऊन तशीच राहिली असं वाईटात वाईट धरलं तर 3 × 0.075 × 28800, म्हणजे 6.5 मायक्रोसेकंद. बाकी दोन्ही मिळून जेवढं होतं त्याच्या सहापट. वयोमानाचे आकडे डेटाशीटमध्ये ठळक छापलेले असतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. एका रात्रीच्या होल्डओव्हरमध्ये घोळ घालतं ते तापमान.

म्हणून तापमानाचा गुणांक आधीच नोंदींतून काढून ठेवा आणि होल्डओव्हरमध्ये डीएसी असा चालवा:

```c
dac = base + hold + 6.0 * (temp - temp_avg) + 8.0 * days;
```

`hold` आणि `temp_avg` त्याच 6 तासांतले. `days` मोजायचे ते त्या 6 तासांच्या मध्यापासून, कारण सरासरी त्या क्षणाची आहे, सिग्नल गेल्या क्षणाची नाही. गुणांक 6 आणि 8 हे माझ्या उदाहरणातले, तुमचे तुमच्या आलेखातून घ्या. तापमान डीएसीला सरळ रेषेत जोडणं हे अंदाजाचंच काम आहे. ओसीएक्सओचा प्रतिसाद थोडा उशिरा येतो आणि चढताना-उतरताना वेगळा असतो. चार पंचमांश चूक गेली तरी पुष्कळ, म्हणजे 6.5 मधले 1.3 उरतील. एकूण हिशेब 2 मायक्रोसेकंदांच्या आत बसतो.

हे कागदावर. खात्रीसाठी अँटेनाची केबल मुद्दाम 8 तास काढा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, आणि परत लावल्यावर फेज किती सरकली ते बघा. फेज फक्त 1000 नॅनोसेकंदांपर्यंत दिसते, त्यामुळे पूर्ण मायक्रोसेकंद मोजायला मायक्रोकंट्रोलरचा टायमर ओसीएक्सओवर चालवून पीपीएसच्या कडेला त्याची किंमत टिपा. दोन्ही वेळी चूक एकाच दिशेला आली तर वयोमानाचा गुणांक चुकलाय, उलट दिशांना आली तर तापमानाचा.

सिग्नल परत आल्याबरोबर लगेच लूप जोडू नका. रिसीव्हर स्थिर व्हायला दहा मिनिटं द्या. त्यानंतर फेज 2 मायक्रोसेकंद दूर सापडली तर काय करायचं, हे तुमच्या कामावर आहे. लूपला ती ओढू दिली तर `kp` डीएसीला 320 पायऱ्या हलवेल, म्हणजे 4 ns/s, आणि क्यूओ-100 च्या सिग्नलवर 42 हर्ट्झची घसरण ऐकू येईल. फक्त वारंवारता हवी असेल तर फेजचं शून्य नव्या जागी सरकवा, `integ` मध्ये होल्डओव्हरची शेवटची किंमत भरा आणि काही झालंच नाही असं पुढे चला. पल्सची वेळ अचूक हवी असेल, म्हणजे यंत्राचा स्वतःचा 1 सेकंदाचा पल्स दुसरीकडे वापरला जात असेल, तर भाजक एकदाच रीसेट करून पल्स जागेवर आणा. मात्र त्या पल्सवर अवलंबून असलेल्या यंत्राला ती उडी चालते का, हे आधी विचारून घ्या. त्याला चालत नसेल तर ओढण्याचा वेग डीएसीच्या 20 पायऱ्यांवर बांधा. 0.25 ns/s ने 2 मायक्रोसेकंद भरून यायला सव्वादोन तास लागतात. तेवढा वेळ `integ` गोठवून ठेवा, नाहीतर ओढण्यासाठी दिलेला जोर त्यात साठत जाईल आणि फेज जागेवर पोचल्यावर पलीकडे निसटेल.